अर्ध्या पुलाचा नफा

मार्च संपला की आमच्या सीए ऑफिसात ठेकेदारांची वर्दळ सुरू होते. त्यांतल्या एकांना आम्ही सगळे अप्पाच म्हणतो. त्यांच्या पुलाच्या कामाचं पहिलं वर्ष संपलं तेव्हा ते आले ते हातात कागदांनी फुगलेली कापडी पिशवी घेऊन. आत आरए बिलं, म्हणजे काम चालू असतानाच वेळोवेळी द्यायची बिलं, सिमेंट-सळईची चलनं आणि डिझेलच्या पावत्या. पिशवी टेबलावर ठेवली, चहाला नको म्हणाले आणि थेट विषयावर आले.

"मॅडम, पूल अजून नदीत अर्धवट उभा आहे. त्याच्यावरून एक सायकल गेलेली नाही. आणि तुमचा मुलगा फोनवर सांगतो, यंदा एक कोटी नफा झाला म्हणून. कुठाय तो?"

आमचा मुलगा म्हणजे ऑफिसातला आर्टिकल, सीए होण्यासाठी उमेदवारी करणारा. त्याने सांगितलेला आकडा बरोबर होता आणि अप्पांचा प्रश्नही रास्त होता. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिकात रस्ते, पूल, घाट यांची कामं निघाली आहेत. दोन-दोन, तीन-तीन वर्षं चालणारी कामं पहिल्यांदाच घेतलेले बरेच ठेकेदार हाच प्रश्न विचारतात. एरवी चार महिन्यांत संपणारी गटार किंवा कंपाउंड वॉल केली, बिल मिळालं, हिशेब मिटला, अशी त्यांची सवय. पुलाचं तसं नसतं. म्हणून अप्पांना जे समजावलं तेच इथे लिहिते. आकडे गणित सोपं व्हावं म्हणून आणि त्यांची ओळख कळू नये म्हणून बदलले आहेत. जीएसटी पूर्ण बाजूला ठेवला आहे.

ठेका २४ कोटींचा. अप्पांच्या अंदाजाने खर्च २० कोटी. म्हणजे नफा ४ कोटी. मुदत तीन वर्षं.

शेवटी एकदमच मोजलं तर काय बिघडतं?

अप्पांचं म्हणणं साधं होतं. पूल ताब्यात देऊ, त्या दिवशी २४ कोटी उत्पन्न लिहू, २० कोटी खर्च लिहू, ४ कोटी नफा. (उत्पन्न म्हणजे इथे कामापोटी कमावलेली रक्कम, खर्च वजा करण्याआधीची.) तोवर झालेला खर्च 'अपूर्ण काम' म्हणून बाजूला ठेवू.

हे काही खुळचट नाही. आपल्याकडे २००३ पर्यंत ठेकेदारांना ही मुभा होती. सनदी लेखापालांच्या संस्थेचं ठेक्यांसाठी सातव्या क्रमांकाचं लेखा मानक आहे, एएस ७. त्याच्या जुन्या रूपात दोन्ही पद्धती चालत. ते सुधारलं आणि १ एप्रिल २००३ नंतरच्या वर्षांत घेतलेल्या ठेक्यांसाठी काम होईल तसं उत्पन्न दाखवणं हीच एक पद्धत उरली.

का उरली, ते अप्पांच्याच घरातल्या गोष्टीवरून सांगता येतं. त्यांची भागीदारी फर्म आहे, धाकटा भाऊ भागीदार. भावाच्या मनात दोन वर्षांनी बाहेर पडून नुसती शेती करायचं आहे. मी विचारलं, "अप्पा, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी भाऊ निघाला, तर त्याला नफ्यातला वाटा किती द्याल?" ते गप्प झाले. शेवटी मोजायच्या पद्धतीने पहिल्या दोन वर्षांचा नफा शून्य. दोन पावसाळे साइटवर काढलेला भाऊ रिकाम्या हाताने जाणार आणि तिसऱ्या वर्षी जो कोणी नवा भागीदार येईल त्याच्या वाट्याला तिन्ही वर्षांची कमाई. बँकेचंही तेच. दोन वर्षं नफा-तोटा पत्रकात शून्य उत्पन्न दिसलं तर कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवायला कुठला मॅनेजर तयार होईल? आणि तिसऱ्या वर्षी अचानक २४ कोटी. त्या वर्षी फर्मने फार मोठा पराक्रम केला असं नाही, नुसती फीत कापली गेली एवढंच.

मग द्राक्षवाल्याचं काय?

अप्पा निफाडकडचे, घरी बाग आहे. त्यांनी लगेच हरकत काढली. "मग बागेचं पण तसंच करा की. ऑक्टोबरला छाटणी झाली, दहा टक्के कमाई. डिपिंग झालं, चाळीस टक्के. मणी फुगले, सत्तर टक्के!"

हरकत ऐकून मला आनंदच झाला, कारण सगळी मेख नेमकी तिथेच आहे. बागेवर छाटणीपासून काढणीपर्यंत खर्च होतच असतो, पण बागायतदार कमाई मोजतो ती माल गाडीत चढल्यावर. त्याला कारणं आहेत. झाडावरचा घड अजून त्याचाच असतो, व्यापाऱ्याचा नसतो. भाव ठरलेला नसतो, फेब्रुवारीत गारपीट झाली तर नुकसान त्याचंच. आणि डिपिंगपर्यंतच्या कामाचे पैसे दे म्हणून तो कुणाचा दरवाजा ठोठावू शकत नाही. कसला व्यापारी नि कसला सौदा, अजून कोणी बागेत पाऊलही टाकलेलं नसतं.

पुलाचं प्रत्येक बाबतीत उलटं आहे. जमीन सरकारची, नदी सरकारची. अप्पांनी पाया घालून खांब उभा केला की तो खांब त्या क्षणी काम देणाऱ्या सरकारी खात्याच्या मालमत्तेत जमा होतो. अप्पांना तो उचलून दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. किंमत करारात लिहिलेली आहे. उद्या करार मोडला तरी झालेल्या कामाची मोजणी होते, ती एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तिकेत चढते, आणि तेवढे पैसे मागायचा हक्क राहतो.

मोठ्या कंपन्यांना १ एप्रिल २०१८ पासून इंड एएस ११५ हे नवं मानक लागू आहे. त्यात ही कसोटी स्पष्ट लिहिली आहे. तुम्ही जे बांधताय ते बांधता बांधताच गिऱ्हाइकाच्या ताब्यात जातंय का? तसं नसेल, तर ती वस्तू दुसऱ्या कशासाठी वापरता येण्याजोगी नाही आणि झालेल्या कामाचे पैसे मागायचा पक्का कायदेशीर हक्क आहे, असं दोन्ही एकदम आहे का? यातलं एक जरी लागू पडलं तर उत्पन्न कामाबरोबर चढत जातं. नाहीतर द्राक्षासारखं, माल दिल्यावर. (तिसरी एक वाट आहे, सफाई किंवा सुरक्षा रक्षकांसारख्या सेवांची. पुलाला ती लागत नाही.)

टक्के काढायचे कसे?

या पद्धतीला धंद्यात 'पर्सेंटेज कम्प्लिशन' म्हणतात. नावावरून वाटतं की कोणीतरी पुलाकडे बघून 'चाळीस टक्के झालाय' असं सांगत असेल. तसंही करता येतं. मोजणी करून, टप्पे ठरवून. पण सर्रास वापरली जाते ती खर्चाची वाट. शाळेतल्या अपूर्णांकासारखी. वर अंश, खाली छेद. अंशाच्या जागी आजवर झालेला खर्च, छेदाच्या जागी पूर्ण कामाचा अंदाजे खर्च.

अप्पांच्या हिशेबनिसाने पहिल्या वर्षाचा खर्च ६ कोटी दाखवला होता. २० पैकी ६, म्हणजे ३० टक्के. २४ कोटींचे ३० टक्के ७ कोटी २० लाख उत्पन्न, १ कोटी २० लाख नफा. पण आमच्या आर्टिकलने खरेदीची चलनं चाळली तेव्हा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आलेली एक कोटीची सळई सापडली. साइटवर फोन केला. सुपरवायझर म्हणाला, "आहे ना, यार्डात पडलीय, अजून कापलेली पण नाही."

यार्डात पडलेल्या सळईने पूल पुढे सरकत नाही. ती फक्त साठा आहे. उद्या अप्पांना वाटलं तर ती दुसऱ्या साइटवरही जाईल. म्हणून एएस ७ सांगतं की साइटवर आलेला पण कामात न बसवलेला माल अंशात धरायचा नाही. खास याच पुलासाठी बनवून घेतलेला माल असेल, समजा याच मापाचे गर्डर, तर गोष्ट वेगळी. सब-काँट्रॅक्टरला दिलेली उचलही धरायची नाही, त्याने काम केल्यावर धरायची.

सळई वगळली. खर्च ५ कोटी, २० पैकी ५ म्हणजे २५ टक्के. उत्पन्न ६ कोटी, नफा १ कोटी. नुसती सळई घेऊन टाकल्याने २० लाख नफा 'तयार' झाला होता, तो गेला. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, सळईचा भाव वाढेल म्हणून अप्पांनी घेऊन ठेवली होती. पण ज्याला मुद्दाम करायचं असेल त्याला मार्चअखेर एक मोठी खरेदी पुरते, हे लक्षात ठेवलेलं बरं.

"पण बिल तर साडेचार कोटींचंच आहे!"

ही अप्पांची दुसरी हरकत, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. वर्षभरात त्यांनी खात्याला साडेचार कोटींची आरए बिलं दिली. त्यातून पाच टक्के, म्हणजे साडेबावीस लाख, काम नीट झाल्याची हमी म्हणून खात्याने राखून ठेवले. शेवटचं ६० लाखांचं बिल कुठल्याशा टेबलावर होतं. हातात आले साधारण ३ कोटी ७० लाख. खर्च झाला ५ कोटी, वर यार्डातली एक कोटीची सळई. आणि पुस्तकात नफा १ कोटी!

इथे तीन वेगळे आकडे आहेत आणि आपण तिघांनाही 'कमाई' म्हणतो, म्हणून घोळ होतो. एक, काम किती झालं. दोन, बिल किती दिलं. तीन, पैसे किती आले. दुधवाल्याचं बघा. वीस तारखेपर्यंत त्याने घरी वीस लिटर दूध घातलं, पण बिल तो एक तारखेला देणार आणि पैसे तुम्ही पाच तारखेला देणार. वीस तारखेला त्याची कमाई शून्य आहे असं त्याला सांगून बघा.

अप्पांचं काम झालं ६ कोटींचं, बिल साडेचार कोटींचं. मधला दीड कोटी म्हणजे झालेलं पण बिलात न आलेलं काम. ताळेबंदात तो येणं म्हणून उभा राहतो, त्याला अनबिल्ड रेव्हेन्यू म्हणतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाया आणि खांबांचं जे काम झालं त्याची मोजणी एप्रिलमध्ये झाली, म्हणून तो बिलात नव्हता. मी अप्पांकडे एप्रिलचं आरए बिल मागितलं. पिशवीत होतं. दीड कोटीतलं बहुतेक सगळं त्यात निघालं. मग मलाही हायसं वाटलं. या आकड्याची खरी परीक्षा हीच, पुढच्या दोन-तीन महिन्यांत तो बिलात उतरतो का.

आणि पैशाची ओढाताण? ती खरीच आहे. पण तिचं उत्तर नफा-तोटा पत्रकात मिळत नाही. ते बँकेच्या लिमिटमध्ये आणि खात्याच्या लेखा शाखेतल्या चकरांमध्ये शोधावं लागतं.

खाली कातळ लागला

दुसऱ्या वर्षी दोन खांबांच्या पायाला अंदाजापेक्षा वर आणि जास्त कठीण काळा पाषाण लागला. नाशिकच्या भुईत ही नवलाची गोष्ट नाही, सगळा लाव्हाचा खडक. पण निविदेच्या वेळी झालेल्या बोअरमध्ये तो त्या जागी दिसला नव्हता. ब्रेकर लावावे लागले, दिवस गेले, पावसाळा आडवा आला, पाणी उपसायला पंप चालवत बसावं लागलं. अप्पांच्या इंजिनीयरने नव्याने हिशेब केला. एकूण खर्च आता २२ कोटी जाणार.

म्हणजे छेद बदलला. आणि ठेक्याची किंमत तीच, २४ कोटी. एकूण नफा ४ कोटींवरून २ कोटींवर आला.

दुसऱ्या वर्षाअखेर आजवरचा खर्च ११ कोटी. २२ पैकी ११, बरोबर अर्धं काम. दोन वर्षांचं मिळून उत्पन्न १२ कोटी. पहिल्या वर्षी ६ दाखवलं होतं, म्हणून या वर्षीचं ६. या वर्षीचा खर्चही ६ कोटी. नफा शून्य.

"वर्षभर राबलो, आणि शून्य?" अप्पा म्हणाले. हो. कारण अर्धा पूल झाला आणि एकूण नफा २ कोटी, तर आजवरचा नफा १ कोटी असायला हवा. तो आपण गेल्या वर्षीच दाखवून बसलो. गेल्या वर्षीचं पुस्तक मात्र उघडायचं नाही. त्या मार्चला जी माहिती होती तिच्यावर तो अंदाज प्रामाणिक होता. कातळ लागला तो या वर्षी, म्हणून त्याचा भार या वर्षावर. तिसऱ्या वर्षी उरलेला खर्च ११ कोटी, उरलेलं उत्पन्न १२ कोटी, नफा १ कोटी. तिन्ही वर्षांचा मिळून २ कोटी. शेवटी मोजलं असतं तरी तेवढाच आला असता. एकूण नफा कुठल्याही पद्धतीने बदलत नाही. बदलतो तो कुठल्या वर्षात बसतो एवढाच भाग.

अप्पांनी आणखी एक मुद्दा काढला. "कातळाचे पैसे खातं देईल ना. एक्स्ट्रा आयटम टाकलाय. ते २४ मध्ये मिळवा." मी विचारलं, मंजुरीचं पत्र आहे? नाही. खात्याच्या इंजिनीयरसोबत एकत्र मोजणी झाली का? एका खांबाची झाली, दुसऱ्याची होईपर्यंत काँक्रीट पडून गेलं होतं. दर ठरला का? 'बोलणं चालू आहे.' बोलण्यावर उत्पन्न लिहिता येत नाही. खातं मंजुरी देण्याची दाट शक्यता आहे आणि रक्कम भरवशाने मोजता येते, या दोन्ही गोष्टी हातात असल्याशिवाय ठेक्याची किंमत वाढवायची नाही. खर्च वाढलेला दिसला की लगेच धरायचा, वाढीव पैसे मात्र पुरावा आल्यावर. हे एकतर्फी वाटतं आणि आहेच. पण झाकून टाकलेल्या खडकाची मोजणी मागाहून कोण करणार, हे अप्पांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तोटाच दिसू लागला तर?

समजा कातळाने अंदाज २२ वर न थांबता २६ कोटींवर गेला असता. किंमत २४, म्हणजे २ कोटी तोटा. जेवढे टक्के काम झालंय तेवढाच तोटा दाखवावा असं कोणालाही वाटेल. पण तोट्याला टक्केवारी लागत नाही. तोटा होणार हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी पूर्णच्या पूर्ण दाखवायचा, पुढे होणारा धरून. अप्पांच्या पुस्तकात त्या वर्षी ३ कोटी तोटा आला असता. २ कोटी एकूण तोटा आणि गेल्या वर्षी दाखवलेला १ कोटी नफा पुसायचा म्हणून आणखी एक.

नफा हप्त्याहप्त्याने, तोटा एकरकमी. भागीदार म्हणून आत येऊ पाहणाऱ्याला किंवा बँकेला याचं महत्त्व लगेच कळतं. उरलेला तोटा पुढच्या वर्षावर ढकललेला असेल तर तो त्यांच्याच गळ्यात पडणार असतो.

"न आलेल्या पैशावर कर भरू?"

या हरकतीला माझ्याकडे गोड उत्तर नाही. पहिल्या वर्षी १ कोटी नफ्यावर फर्मला सुमारे ३१ लाख कर, आणि बँकेत खडखडाट.

करासाठी वेगळी नियमावली आहे, ठेक्यांसाठी तिचा तिसरा भाग, आयसीडीएस ३. तोही टक्केवारीच सांगतो. सुरुवातीच्या टप्प्यात अंदाज भरवशाचा नसेल तर खर्चाइतकंच उत्पन्न दाखवा, नफा नको, अशी सवलत त्यात आहे. पण जास्तीत जास्त २५ टक्के कामापर्यंत. अप्पा नेमके त्या काठावर होते. मात्र त्यांच्याकडे बाबवार अंदाजपत्रक होतं, इंजिनीयरच्या सहीचं. अंदाज बांधता येत नाही असं म्हणायला तोंडच नव्हतं.

खात्याने राखून ठेवलेल्या पाच टक्क्यांचा किस्सा आणखी कडू. ते पैसे मिळण्याचा हक्क हमीचा काळ संपल्यावर येतो, तोवर ते उत्पन्न नाही, असं न्यायालयं आधी म्हणत आली होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या नियमावलीतल्या बऱ्याच तरतुदी रद्दही केल्या. पण २०१८ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यात ४३ सीबी हे कलम मागच्या तारखेपासून घातलं आणि राखीव रक्कम ठेक्याच्या उत्पन्नात धरायची असं ठरवून टाकलं. तोट्याच्या बाबतीत तर पुस्तकं आणि कर यांचे रस्तेच वेगळे होतात. पुढे होणाऱ्या तोट्याची आगाऊ तरतूद पुस्तकात सक्तीची, करात ती चालत नाही, तिथे तोटाही कामाच्या टक्क्यानेच. म्हणून ठेकेदाराच्या दोन नफ्यांचे आकडे कधी जुळत नाहीत, त्यात लबाडी असतेच असं नाही.

आणि आमच्या फ्लॅटचं?

हे विचारणारे ठेकेदार नसतात, गंगापूर रोडला फ्लॅट बुक केलेले माझे नातेवाईक असतात. बिल्डरने आमच्या हप्त्यांवर नफा आधीच दाखवला का? फ्लॅट हा पूल आणि द्राक्ष यांच्या मध्ये कुठेतरी बसतो. जमीन तुमची नाही, ताबा तुमचा नाही, आणि झालेल्या कामाचे पैसे मागायचा बिल्डरचा हक्क किती पक्का, हे करारावर ठरतं. नवं मानक लागू झाल्यावर शेअर बाजारातल्या कितीतरी गृहनिर्माण कंपन्या म्हणूनच ताबा देण्याच्या टप्प्यावर उत्पन्न दाखवू लागल्या. नवं मानक न लागणारे छोटे बिल्डर अजून टक्केवारीने चालतात, तेही ठरावीक खर्च, विक्री आणि वसुली झाल्यावरच. रेरा या घरबांधणीच्या कायद्यात तुमच्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून कामाच्या टक्केवारीने काढायचे असतात, ती टक्केवारी निराळी. ती पैसे काढायची आहे, नफा मोजायची नाही.

छेदावर नजर

अंशात लबाडी करता येते, सळईवाली. पण ती चलनांवरून सापडते. छेद कुठल्याही चलनावर नसतो. तो कोणाच्या तरी डोक्यातला अंदाज असतो. कातळ लागूनही अप्पांनी २२ ऐवजी २० च धरून ठेवले असते, तर ११ कोटी खर्चावर ५५ टक्के काम, १३ कोटी २० लाख उत्पन्न, आणि दुसऱ्या वर्षी शून्याऐवजी १ कोटी २० लाख नफा दिसला असता. एकही खोटी पावती न करता.

ब्रिटनमधल्या कॅरिलियन या बांधकाम कंपनीने मार्च २०१७ मध्ये आधीच्या वर्षाचा नफा जाहीर केला, लाभांशही दिला. जुलैत तिनेच सांगितलं की चालू ठेक्यांच्या किमतीतून ८४.५ कोटी पौंड कमी करावे लागतील. जानेवारी २०१८ मध्ये कंपनी बुडाली. मार्च ते जुलै या चार महिन्यांत एवढी पडझड पुलांची होत नाही, अंदाजांची होते.

बाहेरच्या माणसाला हे कळतं कसं? मी दोन ठिकाणी बघते. पहिलं म्हणजे बिलात न आलेलं काम. अप्पांचा दीड कोटी एप्रिलच्या बिलात उतरला. तोच आकडा पुढच्या मार्चला तसाच, किंवा वाढलेला दिसला असता, तर मी विचारलं असतं की जे काम खातं मोजायला तयार नाही ते झालं कशावरून. दुसरं, त्याच ठेकेदाराची संपलेली कामं. प्रत्येक काम सोळा-सतरा टक्के नफ्याने सुरू होऊन आठ टक्क्यांवर संपत असेल, तर नव्या कामाचे सोळा टक्के मी सोळा मानत नाही.

आता आमच्याकडे एक कागद ठरला आहे. दर मार्चला साइट इंजिनीयर बाबवार लिहून देतो, अजून काय काय राहिलं आणि त्याला किती लागेल. गेल्या वर्षीच्या आकड्यातून झालेला खर्च वजा करून काढलेला नको, नव्याने मोजलेला हवा. यंदा कागद यायला उशीर झाला म्हणून मीच अप्पांना फोन लावला. पलीकडे मिक्सरचा आवाज.

"ॲप्रोचचा भराव राहिलाय, मॅडम. दीड कोटी धरा."

"मागच्या महिन्यात सव्वा म्हणाला होतात, अप्पा."

"तेव्हा जूनच्या आत होईल वाटलं होतं. आता पाऊस धरलाय त्यात."

दीड कोटी लिहून घेतले.